मोठ्या कंपनीच्या व्हेंडर यादीत येताना: नागपूरच्या फॅब्रिकेशन कारखानदारांचे नेहमीचे प्रश्न

मी बरीच वर्षं एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात नव्या व्हेंडरचे अर्ज तपासत होतो. आता हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांना त्यांचे अर्ज तयार करायला मदत करतो. खालचे प्रश्न तिथेच पुन्हा पुन्हा विचारले जातात. उदाहरणं फॅब्रिकेशनची आहेत, कारण तेच काम मी जवळून पाहिलं आहे. मधूनमधून एकाच कारखान्याचा उल्लेख येईल. तो हिंगण्याला आहे, दोन भाऊ चालवतात, १९ कामगार आहेत, आणि काम स्ट्रक्चर, चूट आणि हॉपरचं.

पॅनलवर आलो म्हणजे ऑर्डर मिळते का?

नाही. पॅनलवर आल्यावर व्हेंडर कोड मिळतो आणि दरपत्रक मागवण्याच्या यादीत तुमचं नाव चढतं, इतकंच. पहिली ऑर्डर बहुतेक वेळा लहान आणि चाचणीची असते. ती कशी गेली यावर पुढचं ठरतं. म्हणून अर्जात दाखवलेलं काम त्या चाचणीच्या ऑर्डरीत खरोखर करून दाखवता आलं पाहिजे.

प्रोफाइल किती पानांचं असावं?

मजकूर चार ते सहा पानं, आणि त्यामागे जोडपत्रं. तपासणारा माणूस पहिल्या पानावर तीन गोष्टी शोधतो: तुम्ही नेमकं काय बनवता, महिन्याला किती, आणि याआधी कोणासाठी बनवलंत. दृष्टी, ध्येय, संस्थापकांचं मनोगत ही पानं तो उलटून पुढे जातो. मीही जायचो. एका दिवसात आठ-दहा फायली उरकायच्या असल्या की दुसरा इलाज नसतो.

“आम्ही सगळ्या प्रकारचं फॅब्रिकेशन करतो” असं लिहिलं तर संधी वाढत नाही का?

उलट कमी होते. खरेदी विभागात व्हेंडरची नोंद वस्तुगटानुसार होते. स्ट्रक्चर एका गटात, प्रेशर व्हेसल दुसऱ्यात, शीट मेटल तिसऱ्यात. “सगळं” नावाचा गट नसतो. दोघा भावांच्या पहिल्या अर्जात टाक्या, पाइपिंग, कन्व्हेयर, स्टेनलेस स्टीलची कामं असं सगळं होतं. अर्ज तीन विभागांत फिरला आणि प्रत्येकाने “संबंधित अनुभव अपुरा” असा शेरा मारला. दुसऱ्यांदा त्यांनी एकच वाक्य लिहिलं: “६ ते २० मिमी जाडीच्या माइल्ड स्टील प्लेटचे चूट, हॉपर आणि हलकं स्ट्रक्चर, एक नग जास्तीत जास्त साडेचार टन.” हा अर्ज थेट योग्य टेबलावर गेला.

ते साडेचार टन कुठून आले तेही सांगतो. त्यांची ईओटी क्रेन पाच टनांची आहे, आणि साखळ्या, शॅकल, उचलण्याची बीम यांचं वजनही त्याच पाच टनांत मोजावं लागतं. नगाची सर्वांत मोठी मापं शेडच्या दाराची रुंदी आणि हुकाची उंची पाहून लिहिली. शेडमधून बाहेर न निघणारा हॉपर बनवता येतो म्हणणं खरेदीदाराच्या काही कामाचं नाही.

महिन्याची उत्पादनक्षमता कशी काढायची?

सगळ्यात जास्त फुगवलेला आकडा हाच असतो आणि तपासायलाही सगळ्यात सोपा असतो. भावांनी आधी “महिन्याला १०० टन” लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, प्लाझ्मा कटिंग मशीन तेवढं कापतं. मशीन कापेल, पण कापलेलं जोडणार कोण? चूट-हॉपरच्या कामात अडतं ते फिटअप आणि वेल्डिंगपाशी. कारखान्याची क्षमता म्हणजे सर्वांत संथ टप्प्याची क्षमता. त्यांच्याकडे वेल्डर सहाच.

मग आम्ही अंदाज बाजूला ठेवून मागच्या बारा महिन्यांची डिस्पॅच चलनं आणि वजनकाट्याच्या पावत्या काढल्या. बेरीज २७६ टन आली, म्हणजे सरासरी महिन्याला २३ टन. सर्वाधिक महिना ३४ टनांचा होता, पण त्या महिन्यात ओव्हरटाइम होता आणि बाहेरचे दोन वेल्डर आणले होते. चालू ग्राहकांना दरमहा साधारण १५ टन द्यावेच लागतात. तेव्हा नव्या ग्राहकासाठी लगेच मोकळी क्षमता आठ टनांची निघाली. दुसरी पाळी सुरू केली तर दोन महिन्यांत ती १४ टनांपर्यंत नेता येईल असा त्यांचा हिशेब होता. प्रोफाइलमध्ये हे सगळं असंच लिहिलं: सरासरी, सर्वाधिक आणि त्याचं कारण, बांधील, मोकळी.

धाकट्या भावाला आठ हा आकडा फार लहान वाटला. “साहेब, आठ टन पाहून कोण फोन करन?” असं तो म्हणाला. पण खरेदी अधिकाऱ्याला नेमका हाच आकडा हवा असतो, कारण त्याला पुढच्या महिन्याचं काम वाटायचं असतं. शंभर टनवाल्याला वीस टन दिले आणि त्याने दहाच पाठवले, तर उरलेल्या दहा टनांसाठी प्लांटचं शटडाउन लांबतं आणि जाब खरेदी अधिकाऱ्याला द्यावा लागतो.

यंत्रांच्या यादीत काय लिहावं?

नाव, क्षमता, खरेदीचं वर्ष, आणि यंत्र स्वतःचं की भाड्याचं. प्लेट रोलिंग मशीनच्या बाबतीत एक चूक फार दिसते. नुसतं “१६ मिमी” लिहून भागत नाही. कोणत्या रुंदीला १६ मिमी आणि कोणत्या ग्रेडच्या प्लेटला, हेही लिहा. त्याच मशीनची प्री-बेंडिंगची, म्हणजे प्लेटच्या कडा आधी वळवण्याची, क्षमता रोलिंगपेक्षा कमी असते. जाणकार अभियंता पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

शेजारच्या शेडमधलं यंत्र स्वतःचं म्हणून दाखवू नका. बाहेरून करून घेत असाल तर तसं लिहा, कोणाकडून तेही लिहा. बाहेरून करून घेण्याला कोणाची हरकत नसते. पाहणीच्या दिवशी यंत्र नसलं की मात्र बाकीच्या प्रत्येक ओळीवर संशय येतो.

मागची कामं कशी मांडावीत? आमच्याकडे ग्राहकांची लांब यादी आहे.

ग्राहकांच्या लोगोंनी भरलेलं पान पाहून काही कळत नाही. तीन वर्षांपूर्वी कोणाला चार ब्रॅकेट दिले तरी लोगो लागतो. त्याऐवजी पाच-सहा कामं निवडा आणि प्रत्येकाची पूर्ण नोंद द्या. भावांच्या प्रोफाइलमधली एक नोंद अशी होती:

“कोळसा हाताळणीसाठी ट्रान्सफर चूट, ६ नग. आयएस २०६२ ई २५० प्लेट, १० आणि १२ मिमी, आत बोल्टने बसवलेले लायनर. एकूण वजन ११.४ टन. प्लेट आमची, लायनर ग्राहकाचे. ऑर्डरपासून ४५ दिवसांची मुदत, ५२ दिवसांत पूर्ण. सात दिवसांचा उशीर लायनर उशिरा मिळाल्यामुळे, त्याचा पत्रव्यवहार जोडला आहे. तपासणी ग्राहकाने नेमलेल्या तिसऱ्या संस्थेकडून. एका नगाच्या फ्लॅंजची भोकं पुन्हा करावी लागली.”

शेवटचं वाक्य काढून टाकावं असं मोठ्या भावाचं म्हणणं होतं. मी ते ठेवायला लावलं. वाचणारा स्वतः प्लांटमधून आलेला असतो. सहा चुटांच्या कामात काहीच चुकलं नाही यावर त्याचा विश्वास बसत नाही. चूक कळली कशी आणि निस्तरली कशी, हे त्याला पाहायचं असतं.

नोंदीला ऑर्डरची प्रत आणि काम पूर्ण झाल्याचं पत्र जोडा. ऑर्डरवरचे दर झाकले तरी चालतात. ऑर्डर क्रमांक, तारीख आणि वर्णन दिसलं पाहिजे. ग्राहकाची ड्रॉइंग त्याच्या परवानगीशिवाय कधीच जोडू नका. एकाची ड्रॉइंग दुसऱ्याला दाखवणारा उद्या आपलीही दाखवील, हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं.

आमचं बरंच काम जॉबवर्कचं आहे. रक्कम लहान दिसते. काय करावं?

वजन लिहा. ग्राहकाने प्लेट दिली आणि तुम्ही फक्त मजुरी घेतली तर बिल लहानच येणार. भावांनी एका कामात ४० टन स्ट्रक्चर किलोला १६ रुपये मजुरीने केलं होतं. बिल ६ लाख ४० हजारांचं. नुसती रक्कम वाचणाऱ्याला ते किरकोळ काम वाटलं असतं. “४० टन, साहित्य ग्राहकाचं” असं लिहिल्यावर त्याचा आवाका कळला.

उपकंत्राटाचंही तसंच. कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीज केंद्रात काम झालं, पण ऑर्डर मुख्य कंत्राटदाराच्या नावाची होती, असं नागपुरात खूप जणांचं असतं. तिथे “अमुक केंद्रासाठी, मुख्य कंत्राटदारामार्फत” असं स्पष्ट लिहा आणि पत्र त्या कंत्राटदाराकडून घ्या. वीज केंद्राला थेट ग्राहक म्हणून दाखवलं तर एका फोनमध्ये उघड होतं.

आधी मालकीची फर्म होती, आता प्रायव्हेट लिमिटेड केली. जुना अनुभव चालतो का?

आपोआप चालत नाही. कायद्याने ती दोन वेगळी माणसं आहेत. व्यवसाय, यंत्रं आणि देणी-घेणी नव्या कंपनीकडे आल्याचा करार असेल तर तो जोडा आणि जुन्या फर्मचा अनुभव वेगळ्या शीर्षकाखाली दाखवा. मान्य करायचा की नाही, ते ती कंपनी तिच्या नियमांप्रमाणे ठरवते. पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी आणि बँक खातं या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच आहे ना, तेही याच वेळी तपासा. “इंजिनिअरिंग वर्क्स” आणि “इंजिनीयर्स” एवढ्या फरकावर अर्ज परत गेलेले मी पाहिले आहेत.

आयएसओ ९००१ नसेल तर अर्ज करावा का?

कंपनीने ते सक्तीचं केलं नसेल तर जरूर करा. पैसे भरून आठवड्यात मिळणारं सर्टिफिकेट मात्र घेऊ नका. तपासणारा तीन गोष्टी पाहतो. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या मान्यता मंडळाची मान्यता आहे का? सर्टिफिकेटच्या व्याप्तीत फॅब्रिकेशन लिहिलं आहे का? एका कारखान्याच्या सर्टिफिकेटवर फक्त “व्यापार” होतं आणि मालकाने ते कधी वाचलंच नव्हतं. तिसरं, सर्टिफिकेटची मुदत तीन वर्षांची असते, पण दरवर्षी निगराणीचं ऑडिट व्हावं लागतं. त्याचा अहवाल मागितला की आठवड्यात आलेलं सर्टिफिकेट उघडं पडतं.

आयएसओ नसेल तर जे आहे ते दाखवा: कच्च्या मालाच्या तपासणीचं रजिस्टर, फिटअप आणि अंतिम तपासणीचे भरलेले नमुने, मोजमापाच्या साधनांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं. खऱ्या वापरातलं, थोडं तेलकट रजिस्टर मला नेहमीच पटायचं.

वेल्डिंगचे कागद म्हणजे नेमके कोणते?

तीन, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेले. पहिला डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्डिंग कसं करायचं याची लेखी पद्धत. दुसरा पीक्यूआर, म्हणजे त्या पद्धतीने एक तुकडा जोडून प्रयोगशाळेत तपासल्याचा पुरावा. तिसरा वेल्डरच्या पात्रतेचा, नावानिशी.

एएसएमई संहितेच्या नवव्या भागानुसार खोबणीच्या जोडाचं पीक्यूआर करताना दोन ताण चाचण्या आणि चार बेंड चाचण्या होतात. त्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्या. चाचणीच्या प्लेटची जाडी तुमची मर्यादा ठरवते, आणि फसतात ते इथेच. भावांची चाचणी १२ मिमी प्लेटवर झाली होती. त्यावरून साधारणपणे ५ ते २४ मिमीपर्यंतची पात्रता मिळते. पहिल्या अर्जात मात्र त्यांनी ३२ मिमीचं काम करतो असं लिहिलं होतं. वेल्डिंग इंजिनीयरने दोन कागद शेजारी ठेवले आणि अर्ज बाजूला ठेवला. ३२ मिमीचं काम खरंच हवं असेल तर आधी जाड प्लेटवर चाचणी करून घ्यायला हवी.

वेल्डरच्या पात्रतेला एक अट आहे. त्या प्रक्रियेने सहा महिने वेल्डिंगच केलं नाही तर पात्रता संपते. म्हणून प्रत्येक वेल्डरने कोणत्या महिन्यात कोणत्या प्रक्रियेने काम केलं याची साधी वही ठेवा. आणि वेल्डर नोकरी सोडून गेला की त्याचं सर्टिफिकेट फाइलमधून काढा. पाहणीच्या दिवशी “हे कुठे आहेत?” असं विचारलं जातंच.

संदर्भ म्हणून कोणाची नावं द्यावीत?

ज्याने तुमचा माल हातात घेऊन तपासला त्याचं नाव द्या. कंपनीच्या मालकाशी तुमची ओळख असेल, पण तुमचा तिसरा लॉट कसा आला ते त्याला माहीत नसतं. ते क्वालिटीच्या किंवा स्टोअरच्या माणसाला माहीत असतं. तीन संदर्भ पुरतात, आणि ते गेल्या दोन-तीन वर्षांतले असावेत.

आधी परवानगी घ्या, आणि कोणत्या कामाबद्दल फोन येईल तेही सांगून ठेवा. फोनवर काय विचारतात ते मला माहीत आहे, कारण मीच ते फोन करायचो. किती माल परत पाठवावा लागला? उशीर झाला तेव्हा त्यांनी आधी कळवलं का? दुरुस्तीला माणूस किती दिवसांत आला? पुन्हा ऑर्डर द्याल का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा क्षणभर थांबला तरी मी ते टिपून ठेवायचो. म्हणून भांडण झालेल्या ग्राहकाचं नाव देऊ नका. अडचण आली आणि नीट मिटली असा ग्राहक मात्र जरूर द्या. त्याच्याकडे तुमच्याबद्दल सांगण्यासारखं खरोखर काहीतरी असतं.

लेखी पत्र डिस्पॅचनंतर महिनाभरात मागून घ्या. वर्षभराने गेलात तर साहेबांची बदली झालेली असते आणि नवे साहेब सही करत नाहीत. पत्रात ऑर्डर क्रमांक, माल, वजन, मुदत आणि गुणवत्तेचा शेरा हवा. “यांचं काम समाधानकारक आहे, शुभेच्छा” एवढ्यावर कोणी गुण देत नाही. मजकूर तुम्ही तयार करून नेलात तर ग्राहकाचंही काम सोपं होतं.

सरकारी कंपनीत जायचं असेल, नागपुरात वेकोलि आणि मॉइल यांची मुख्यालयंच आहेत, तर ही पत्रं जपून ठेवा. कामांच्या निविदांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली दिलेल्या निकषांत गेल्या सात वर्षांतली पूर्ण झालेली तत्सम कामं मोजतात: अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. पत्र हरवलं की ते काम मोजणीतून गेलं.

उलाढालीचा पुरावा कसा द्यावा?

तीन वर्षांचे ताळेबंद आणि सीएचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर यूडीआयएन क्रमांक हवा. तो नसेल तर प्रमाणपत्र खरं की खोटं हे ऑनलाइन पडताळता येत नाही. सीएचा आकडा आणि जीएसटी विवरणपत्रांतली विक्री जुळली पाहिजे. भंगाराची विक्री किंवा जॉबवर्क यामुळे फरक पडत असेल तर दोन ओळींचं स्पष्टीकरण सोबत जोडा. जीएसटी विवरणपत्रं वेळेवर आहेत का, हेही पाहिलं जातं, कारण तुमचं विवरणपत्र थकलं की खरेदीदाराचं क्रेडिट अडकतं.

कारखान्याच्या पाहणीत काय होतं?

बरेच तपासनीस सगळा कारखाना पाहत बसत नाहीत. ते जमिनीवर पडलेला एक अर्धवट नग निवडतात आणि त्याचा माग काढतात. भावांकडे आलेल्या अभियंत्याने एका हॉपरच्या बाजूच्या प्लेटवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ही प्लेट कोणत्या हीटची?” प्लेट गिरणीतून येते तेव्हा तिच्यावर हीट नंबर असतो आणि टेस्ट सर्टिफिकेटवरही तोच असतो. पण प्लेट कापली की नंबर एका तुकड्यावर राहतो आणि बाकीचे तुकडे बेवारशी होतात. म्हणून कापण्याआधी तो नंबर प्रत्येक तुकड्यावर पंचने उमटवावा लागतो. भावांनी हे तीनच महिन्यांपूर्वी सुरू केलं होतं. त्या प्लेटवर नंबर होता, सर्टिफिकेट फाइलमध्ये सापडलं, आणि कोणत्या वेल्डरने जोडलं तेही जोडाशेजारच्या पंचवरून कळलं. या सगळ्याला वीसेक मिनिटं लागली.

रॅकमधल्या जुन्या तुकड्यांवर नंबर नव्हते, ती त्रुटी लिहिली गेली. त्यांनी ते तुकडे वेगळ्या रंगाने रंगवून “फक्त तात्पुरत्या आधारासाठी” असा फलक लावला आणि पंधरा दिवसांत फोटो पाठवला. पाहणीत त्रुटी निघाली म्हणून घाबरू नका. तिचं उत्तर मुदतीत गेलं का, हे जास्त मोजलं जातं.

“कोड काढून देतो” म्हणणारे लोक भेटतात. पैसे द्यावेत का?

नाही. अर्जाची फी असेल तर ती कंपनीच्या खात्यात, पावतीसह भरायची असते. दुसऱ्या कोणाला दिलेले पैसे उघड झाले तर मिळालेला कोडही जातो.

अर्ज नाकारला तर?

कारण लेखी मागा. मिळालं नाही तर निदान कोणत्या वस्तुगटात नाकारला ते विचारा. कागद अपुरे होते, अनुभव कमी होता की त्यांच्याकडे त्या गटात आधीच पुरेसे व्हेंडर आहेत, यांतलं काय ते कळलं पाहिजे. तिसरं कारण असेल तर तुमच्या प्रोफाइलमध्ये बदलण्यासारखं काही नसतं. शेजारच्या गटात अर्ज करता येतो का ते पाहा.

उद्यम नोंदणीचा यात काय उपयोग?

नोंदणी फुकट आणि ऑनलाइन आहे, अर्जाआधीच करून ठेवा. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांवर वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेण्याचं बंधन आहे. पात्र उद्योगांना निविदेच्या बयाणा रकमेतूनही सूट मिळते. खासगी कंपनीच्या बाबतीत उपयोग पैशांपाशी होतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. व्हेंडर फॉर्ममध्ये पैसे देण्याची मुदत ९० दिवस छापलेली असेल तर सही करण्याआधीच उद्यम क्रमांक दाखवून ती बदलून मागा. भावांनी तसं पत्र दिलं. आठवड्याने सुधारित फॉर्म आला, त्यावर ४५ दिवस होते.